टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी भोकं पाडायची आहेत; भिंतीतली वायर आणि पाइप आधी कसे शोधायचे?

रानजाई

नमस्कार मंडळी. वाकडला आमचा फ्लॅट आहे, इमारत आठेक वर्षांची. बेडरूमच्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही लावायचा आहे. दुकानाकडून ब्रॅकेट बसवायला येणारा माणूस दारातच विचारतो, "इथून काही गेलंय का?" आपण "माहीत नाही" म्हटलं की तो एका कागदावर सही मागतो आणि सरळ ड्रिल लावतो. मला ते नको आहे. आधी शोधायचं, मग भोक.

अडचण अशी की याच भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. बाथरूमचं दार याच भिंतीत, डाव्या टोकाला. चौकटीच्या उजव्या कडेपासून मोजलं तर टीव्हीचा मध्य १३० सेंटिमीटरवर येतो. ब्रॅकेटची पट्टी ५० सेंटिमीटर रुंद, म्हणजे १०५ ते १५५. उंची जमिनीपासून ११५ च्या आसपास. टीव्हीसाठीचा बोर्ड १५० वर, जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच. बिल्डरकडे नकाशा मागितला, तो फक्त खोल्यांचा निघाला. वायरिंगचे फोटो नाहीत.

ऑनलाइन हजार-बाराशेला डिटेक्टर मिळतात. ते पाण्याचे पाइप दाखवतात का? कोणी वापरला आहे का?

ओंकार_नाशिक

डिटेक्टर घेऊ नका, पैसे वाया. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतोच. मेटल डिटेक्टरचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका, फोनचं वरचं टोक भिंतीवरून फिरवा, आकडा उसळला की तिथे वायर. आमच्या घरी मी बोर्डापासून छतापर्यंत अख्खी लाइन अशीच शोधली.

चिरेबंदी

आमच्याकडे रत्नागिरीजवळ चिऱ्याचं घर आहे. वायरिंग सगळं बाहेरून केसिंग पट्टीत, पाइपही बाहेरून. कुठेही भोक पाडा. नवीन घरं बांधणाऱ्यांनी हा विचार करायला हवा, दिसायला जरा कमी पण दुरुस्तीला सोपं.

विद्युत_नाना

ओंकार, तुमचा अनुभव खरा असणार, पण त्याचं कारण वेगळं आहे. फोनचा सेन्सर लोखंड ओळखतो. तांबं चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे तांब्याची वायर त्याला दिसत नाही. वायरमधून करंट वाहत असला तरी फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपात शेजारी असतात, दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. तुमची इमारत जुनी आहे का? जुन्या कामात वायर लोखंडी पाइपातून नेत. तुम्हाला तो पाइप सापडला असेल. रानजाईंच्या आठ वर्षांच्या इमारतीत पीव्हीसी पाइप असणार, तिथे हेच अ‍ॅप काही दाखवणार नाही आणि "इथे काही नाही" असा चुकीचा विश्वास देईल. उलट कॉलममधल्या सळईवर ते जोरात ओरडेल.

रानजाई, यंत्राकडे शेवटी येऊ. मी तीस वर्षं घरांचं वायरिंग करतोय. यंत्र हातात घ्यायच्या आधी निम्मं उत्तर बोर्डाच्या आत मिळतं. मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचंही आउटपुट बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत राहतात, हे माणसं विसरतात. मग टेस्टरने खात्री करा आणि बोर्डाची प्लेट उघडून आत बॅटरीचा उजेड टाका. भिंतीत बसवलेल्या पेटीला चारही बाजूंनी पाइप जोडायच्या जागा असतात. पाइप वरून आलाय, खालून आलाय की बाजूने, हे डोळ्यांनी दिसतं. ते सांगा, मग पुढे बोलू. आणि दुसरं, दाराच्या पोकळीत भिंतीची एकूण जाडी मोजा, प्लास्टरपासून पलीकडच्या टाइलपर्यंत.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो. इथे वायरिंगच्या नियमात ठरावीक पट्टे आहेत. केबल भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर ती सॉकेट किंवा स्विचच्या सरळ वर-खाली, सरळ आडवी, नाहीतर छताजवळच्या किंवा कोपऱ्याजवळच्या १५० मिलिमीटरच्या पट्ट्यातच न्यायची. भिंत १०० मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असेल तर पलीकडच्या बाजूच्या सॉकेटचा पट्टासुद्धा आपल्या बाजूला धरायचा. मग रानजाईंनी बोर्डाच्या सरळ वरचा आणि सरळ आडवा पट्टा सोडला की झालं ना?

विद्युत_नाना

पट्टा सोडणं योग्यच. पण उरलेली भिंत मोकळी, असं आपल्याकडे धरू नका. स्लॅबमधून पाइप जिथे उतरला तिथून इलेक्ट्रिशियन झिरी मारतो. स्लॅबमधला पाइप आणि बोर्ड एका रेषेत आले नाहीत तर तो वरच्या दोन-अडीच फुटांत तिरकी झिरी घेऊन पाइप जुळवतो. मालकाने प्लास्टरनंतर बोर्ड सरकवायला सांगितला असेल तर आणखी वाकडं. म्हणून आपल्या घरात "बोर्डाच्या सरळ वर" ही पहिली शंका आहे, पुरावा नाही. तुमच्या नियमातली पलीकडच्या बाजूची गोष्ट मात्र सोळा आणे खरी. रानजाईंच्या भिंतीत खरा प्रश्न तोच आहे.

सुमेधा_नागपूर

आमच्याकडे वेगळंच झालं, इथे विचारते. स्वयंपाकघरात सुताराने मसाल्यांचं शेल्फ लावलं. ड्रिल करताना ना ठिणगी, ना काही. दोन दिवसांनी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा मेनजवळचा स्विच, पडायला लागला. तोही नेहमी नाही, गीझर किंवा इस्त्री लावली की. इलेक्ट्रिशियन म्हणाला आरसीसीबी खराब आहे, नवीन बसवला, तोही पडतो. स्वयंपाकघराचा एमसीबी बंद ठेवला तरी पडतो, म्हणून सगळे म्हणतात शेल्फचा संबंध नाही. मला मात्र शेल्फचाच संशय आहे. त्याआधी कधी असं झालं नव्हतं.

विद्युत_नाना

सुमेधाताई, तुमचा संशय बरोबर वाटतो. स्क्रूने न्यूट्रल वायर सोलली असणार आणि तोच स्क्रू अर्थच्या वायरला नाहीतर ओल्या भिंतीला टेकला असणार. फेजला लागलं असतं तर त्याच क्षणी ठिणगी उडाली असती. न्यूट्रल आणि अर्थ जोडले गेले की परतीचा थोडा करंट अर्थमधून निसटतो. घरात दोन दिवे चालू असताना तो फार थोडा असतो, गीझर लावला की वाढतो आणि ३० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडून आरसीसीबी पडतो. घरगुती साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच सगळ्या घराला जोडलेला राहतो, म्हणून स्वयंपाकघराचा एमसीबी पाडूनही फरक पडत नाही.

इलेक्ट्रिशियनला सांगा, मेन बंद करून डीबीमधल्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीतल्या न्यूट्रल पट्टीवरून स्वयंपाकघराची न्यूट्रल वायर सोडव आणि तिचं अर्थशी इन्सुलेशन तपास. मग शेल्फचे स्क्रू एकेक काढून पुन्हा बघ. ज्या स्क्रूनंतर आकडा सुधारेल तो दोषी. त्या पाइपातल्या वायर बोर्ड ते बोर्ड पूर्ण बदलायच्या. भिंतीत जोड देऊन, टेप गुंडाळून प्लास्टर करू देऊ नका.

रानजाई

नाना, बोर्ड उघडला. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून. पेटीला एक पाइप वरून येतो आणि एक डावीकडून, म्हणजे दाराजवळच्या स्विचबोर्डाच्या दिशेने. भिंतीची जाडी दारात १४ सेंटिमीटर भरली. भिंत सिपोरेक्सच्या ठोकळ्यांची आहे, शेजाऱ्यांच्या कामात तुकडे पाहिले होते.

सुमेधाताईंचं वाचून वाटलं की भोक पाडून झाल्यावरसुद्धा काम संपत नाही.

विद्युत_नाना

उत्तम. डावीकडचा पाइप ७० च्या उंचीवर आडवा गेला असेल, तुमचं ब्रॅकेट त्याच्या बरंच वर आहे. वरचा पाइप १५० च्या रेषेवर चढतो आणि तुमची पट्टी १५५ पर्यंत आहे. म्हणजे पट्टीचं उजवं टोक नेमकं वायरवर.

आता जाडीचा हिशेब करा. १४ सेंटिमीटरमधून तुमच्या बाजूचं प्लास्टर साधारण १२ मिलिमीटर, बाथरूमकडचं प्लास्टर, चिकटवायचा थर आणि टाइल मिळून साधारण २८. उरला १०० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची ठोकळा. प्लंबर ठोकळ्यात बाथरूमच्या बाजूने झिरी मारतो. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून २२ मिलिमीटर असतो, त्याला जागा हवी म्हणून झिरी सहज ४० खोल जाते. म्हणजे तुमच्या बाजूने १२ आणि ६० मिळून ७२ मिलिमीटरवर झिरीचा तळ. ब्रॅकेटसोबत येणाऱ्या गिट्टीला आणि स्क्रूला ६० ते ६५ मिलिमीटर भोक लागतं. ते साधलं तर सात ते बारा मिलिमीटर वाचतात. ड्रिल जरा पुढे सरकलं की पाइप. सिपोरेक्स मऊ, तिथे ड्रिल नको तितकं पुढे जातंच.

म्हणून पाइप कुठे आहे हे कळल्याशिवाय भोक नाही.

ओंकार_नाशिक

नाना, इमारत १९८०च्या आसपासची आहे. बोर्ड उघडून पाहिला, लोखंडी पाइपच निघाला. पटलं. पण मग पीव्हीसीसाठी फोन अगदीच निरुपयोगी का?

विद्युत_नाना

एका युक्तीने उपयोगी आहे. वायर ओढायची स्टीलची स्प्रिंग असते ना, ती मेन बंद करून रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या पाइपात सरकवायची. केबल टीव्हीचा जुना पाइप बहुतेक घरांत तसा पडून असतो. आता पाइपात लोखंड आहे, प्लास्टर फार जाड नसेल तर फोनही दाखवतो. स्प्रिंग कुठे अडते यावरून वळणही कळतं. वायरने भरलेल्या पाइपात मात्र जबरदस्तीने घालू नका.

मृण्मयी_डोंबिवली

पाइपबद्दल मी सांगते, आमच्याकडे बाथरूमचं काम काढलं होतं तेव्हा केलं होतं. गीझर गरम करायचा, शॉवरच्या मिक्सरमधून फक्त गरम पाणी सोडायचं आणि भिंतीला हात लावत जायचं. जिथून गरम पाइप गेला तिथे भिंत कोमट लागते. कोविडच्या वेळी घेतलेली थर्मामीटरची गन असेल तर आणखी सोपं. त्यात पृष्ठभागाचं तापमान मोजायचा मोड असतो, तो लावायचा. शरीराच्या मोडवर ठेवलं तर आकडे उगाच ३६ च्या आसपास फिरत राहतात.

रानजाई

मृण्मयी, करून पाहिलं. गन घरात होतीच. पण बेडरूमच्या भिंतीवर काहीच फरक नाही, सगळीकडे २७ आणि काही. म्हणजे पाइप या भिंतीत नाहीच असं समजू का?

मृण्मयी_डोंबिवली

आमची भिंत विटांची होती आणि मी टाइलच्या बाजूने पाहिलं होतं. तुमच्या बाजूने दिसेलच असं नाही.

विद्युत_नाना

मृण्मयींनी नेमकं सांगितलं. सिपोरेक्समध्ये हवेचे बुडबुडे असतात, ते उष्णता अडवतं. पाइपाच्या पाठीमागे ६० मिलिमीटर सिपोरेक्स असताना बेडरूमकडे दहा-पंधरा मिनिटांत काही पोचणार नाही. "फरक नाही" म्हणजे "पाइप नाही" असं समजू नका. बाथरूममध्ये जाऊन टाइलवर मोजा, तिथे पाइपासमोर सिमेंट आणि टाइल एवढंच आहे. टाइल कोरडी असू द्या, शॉवर न सोडता खालच्या नळातून बादलीत पाणी घ्या, नाहीतर वाफेने सगळी भिंतच तापेल. गन भिंतीजवळ धरा. लांबून मोठ्या वर्तुळाची सरासरी मिळते. गार टाइलवरचा आकडा आधी लिहून ठेवा.

आणि सगळी मापं दाराच्या चौकटीपासून घ्या. चौकट दोन्ही खोल्यांना सारखीच आहे, त्यामुळे इकडचं ८० म्हणजे तिकडचंही ८०, फक्त डावं-उजवं उलटं. उंचीला एक काळजी घ्या. बाथरूमची फरशी बेडरूमपेक्षा खाली असते. तो फरक मोजून वजा करा, नाहीतर दोन-चार सेंटिमीटरची गफलत होते.

टेम्सकाठ

वॉल मिक्सरला गरम आणि गार पाइपांमधलं अंतर १५० मिलिमीटर असतं, हे इथेही आहे आणि मला वाटतं तिथेही. एक सापडला की दुसरा त्यावरून काढता येईल.

रानजाई

झालं, आणि बरं झालं विचारलं.

बाथरूमची फरशी ३ सेंटिमीटर खाली आहे, खालच्या सगळ्या उंच्या बेडरूमच्या फरशीपासून लिहिते. मिक्सरचा मध्य चौकटीपासून ८० वर, उंची ९७. शॉवर त्याच्याच वर. गीझर १७० वर, त्याची खालची तोंडं १८५ च्या उंचीला. गार टाइल २६.८ दाखवत होती. गरम पाणी दहा मिनिटं सोडल्यावर गीझरच्या डाव्या तोंडाखाली उभा पट्टा २९ च्या पुढे गेला. तो १०५ च्या उंचीपर्यंत खाली येतो आणि तिथून आडवा मिक्सरकडे जातो. आडवा पट्टा अगदी स्पष्ट, तळहाताएवढा रुंद. म्हणजे गीझर आणि मिक्सर यांच्यामध्ये माझं ब्रॅकेट, आणि गरम पाइप ब्रॅकेटच्या खालच्या भोकांच्या पाठीमागून चाललाय.

गार पाइप मात्र दिसला नाही. टेम्सकाठ म्हणतात तसं १५ सेंटिमीटरवर समांतर असेल का? वर की खाली?

विद्युत_नाना

तेवढ्यावर भोक पाडू नका. १५० चं अंतर मिक्सरच्या तोंडाशी पक्कं असतं. तिथून पुढे प्लंबर दोन्ही पाइप एकाच रुंद झिरीत शेजारी नेतो किंवा गार पाइप वेगळ्याच वाटेने, जमिनीजवळून आणतो. गीझरलाही गार पाणी लागतं, त्यामुळे १७० च्या आसपास गार पाइपही वर चढतोच. ते अंतर राखा. मुख्य वाट कळायला टाकीचं पाणी कामी येतं. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरची टाकी तापते, तेव्हा गार नळालाही कोमट पाणी येतं. त्या वेळी गार नळ जोरात सोडून हीच गन फिरवा. आत्ता पावसाळा आहे, ढगाळ हवेत फरक कमी पडेल.

सुमेधा_नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता गार नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, त्यासाठी गीझर लागतच नाही. तिकडच्यांना ही सोय नाही हे खरं.

आणि नाना, सांगायचं राहिलं. तिसरा स्क्रू काढल्यावर आकडा सुधारला. वायर बदलून घेतोय. मनापासून आभार.

रानजाई

आता वायरचं सांगा. मैत्रिणीकडून डिटेक्टर आणला, धातू आणि जिवंत वायर अशा दोन मोडचा. आधी तर अख्खी भिंतच जिवंत दाखवत होता. सगळीकडे बीप.

विद्युत_नाना

कोरड्या रंगावर यंत्र घासून स्थिर वीज जमते, तेव्हा असं होतं. दुसरा हात भिंतीवर, यंत्रापासून वीतभर लांब सपाट ठेवा, बराचसा खोटा आवाज जाईल. ओल असेल तरीही पट्टा रुंद दिसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

दुसरं, जिवंत वायरचा मोड व्होल्टेज ओळखतो. स्विच बंद असेल तर स्विचपासून पंख्याकडे किंवा दिव्याकडे जाणारी वायर मेलेली असते आणि यंत्र तिच्यावरून गप्प जातं. म्हणून शोधताना खोलीतली सगळी बटणं चालू ठेवा, टीव्हीच्या बोर्डाचीसुद्धा. सगळ्यात महत्त्वाचं, आधी यंत्राची परीक्षा घ्या. बोर्डाच्या लगेच वर, जिथे वायर आहे हे डोळ्यांनी पाहिलंय, तिथे फिरवा. तिथे दाखवलं तर त्या खोलीवर त्याचा भरवसा ठेवा. तिथेच गप्प बसलं तर बाकी भिंतीवरच्या त्याच्या शांततेला अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी आडवं नेत या, जिथे वाजायला लागतं तिथे पेन्सिलची खूण, दोन खुणांचा मध्य म्हणजे वायर. मग वीतभर वर जाऊन पुन्हा.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, या किमतीचं यंत्र प्लॅस्टिकचा पाइप दाखवत नाही. पाण्याने भरलेला प्लॅस्टिक पाइप ओळखणारी रडारची यंत्रं येतात, ती बरीच महाग असतात आणि त्यांनाही खोलीची मर्यादा आहे.

रानजाई

हात ठेवल्यावर खरंच शांत झाला! बोर्डाच्या वर नीट वाजला. वायर १५० वरून सरळ वर जाते, १७५ च्या उंचीपर्यंत खुणा एका रेषेत आल्या. तिथून ती डावीकडे तिरकी झाली आणि छताजवळ १२० वर पोचली. नाना म्हणाले होते तसंच, वरच्या दोन-अडीच फुटांत. मी फक्त "बोर्डाच्या वरचा पट्टा सोडा" एवढंच केलं असतं आणि वर एखादी फ्रेम लावली असती तर ती नेमकी वायरवर बसली असती.

आता ठरवलंय ते असं. ब्रॅकेट वर घ्यायचं, खालची भोकं १२८ वर आणि वरची १४८ वर. पट्टीत लांब खाचा आहेत, त्यामुळे भोकं ११० आणि १३६ वर घेता येतात, वायरपासून १४ सेंटिमीटर लांब. गरम पाइप १०५ च्या उंचीला, तो २३ सेंटिमीटर खाली राहिला. टीव्ही थोडा उंच होईल, पण पलंगावर टेकून बघताना चालेल.

विद्युत_नाना

जागा चांगली आहे. गार पाइप अजून बेपत्ता आहे, त्यामुळे खोलीवर लगाम ठेवा. सिपोरेक्ससाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात, त्यातली ५० मिलिमीटरची घ्या आणि टीव्हीचं वजन ती पेलते का ते पाकिटावर बघा. दोनाऐवजी चार-सहा भोकांत वजन वाटा. भोक ५५ च्या पुढे नको. बिटवर टोकापासून ५५ वर रंगीत टेप गुंडाळा. हॅमर बंद, नुसतं फिरवून सिपोरेक्स कापलं जातं, हॅमरने भोक मोठं होऊन गिट्टी सैल बसते.

ड्रिलच्या आधी बेडरूमचा आणि पलीकडच्या बाथरूम-गीझरचा एमसीबी, शिवाय इन्व्हर्टर बंद. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनने आणा किंवा बॅटरीचं ड्रिल घ्या. बाथरूमचा कॉक बंद करून नळ उघडून ठेवा, म्हणजे पाइपात दाब राहणार नाही. पहिलं भोक ५ मिलिमीटरच्या बिटने, थांबत थांबत. भुगा बघत राहा. सिपोरेक्सचा भुगा पांढरट आणि पिठासारखा असतो. त्यात प्लॅस्टिकची वळलेली सालं दिसली, भुगा ओला झाला किंवा बिट एकदम पोकळीत गेल्यासारखा वाटला, तर तिथेच थांबायचं.

आणि कधी स्क्रू पाइपात गेलाच, तर घाईने उपसू नका. तोच बुचाचं काम करतो. आधी कॉक किंवा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद, मग स्क्रू.

मृण्मयी_डोंबिवली

याला माझी पुस्ती. पाइप थोडासा खरवडला गेला तर त्याच दिवशी काही दिसत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर तीन महिन्यांनी छताला ओल आली आणि मूळ वरच्या घरातल्या टॉवेलच्या दांडीत निघालं. गिट्टीनेच भोक बुजवलं होतं, स्क्रू गंजला तसं पाणी झिरपायला लागलं. ब्रॅकेट पाइपाच्या जवळ असेल तर पलीकडच्या टाइलच्या सांध्यांवर काही महिने लक्ष ठेवा.

निखिल_ठाणे

नाना, उशिरा विचारतोय. आमच्या टॉवरमध्ये विटाच नाहीत, सगळ्या भिंती मायव्हानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. डिटेक्टर धातूच्या मोडवर जागोजागी वाजतो आणि वायरच्या मोडवर बोर्डाच्या वरसुद्धा गप्प. तुमच्या परीक्षेत तो नापासच झाला. आता काय करू?

विद्युत_नाना

निखिल, तुमच्याकडे प्रश्न अवघड आहे. मायव्हानमध्ये काँक्रीट ओतायच्या आधी पाइप सळयांच्या जाळीला बांधतात. जाळी यंत्राला आंधळं करते. झिरी मारायची नसल्याने पाइप तिरका नेला तरी कोणाला त्रास नसतो, म्हणून सरळ रेषेचा अंदाजही कमी चालतो. त्यातली बरी गोष्ट एवढीच की पाइप जाळीच्या आत असतो, झिरीतल्यासारखा प्लास्टरच्या मागेच नाही. शेल्फसाठी ३५ मिलिमीटर भोक आणि छोटा अँकर पुरत असेल तर धोका बराच घटतो, पण शून्य होत नाही. बोर्ड उघडून पाइपाची दिशा बघा. तुमच्या टॉवरमध्ये सगळे मजले एकाच साच्यातले असतात, तेव्हा बिल्डरच्या साइट ऑफिसकडे त्या फ्लॅटच्या प्रकाराचं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग असायला हवं, ते सोसायटीमार्फत मागा. टीव्हीएवढ्या वजनासाठी मी ते ड्रॉइंग पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही.

रानजाई

चारही भोकं झाली. भुगा शेवटपर्यंत पांढरा आणि कोरडा होता. नंतर एकेक एमसीबी चालू करून गीझर आणि इस्त्री दोन्ही लावून पाहिली, आरसीसीबी पडला नाही. सगळ्या पट्ट्यांची मापं कागदावर लिहून, भिंतीवर मीटर टेप धरून फोटो काढलाय आणि कागद डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवलाय. गार पाइपाची जागा त्यात रिकामी ठेवली आहे, ती मे महिन्यात भरेन.

निखिल_ठाणे

सोसायटीला पत्र दिलं आहे. आमच्या टॉवरच्या प्रकारातलं ड्रॉइंग कोणाला मिळालं असेल, किंवा मायव्हानच्या भिंतीवर कोणी रडारचं यंत्र भाड्याने आणून फिरवलं असेल, तर जाळीच्या मागचा पाइप त्यात खरंच वेगळा दिसतो का, ते सांगा.